तारीख अडवल्याचं बिल: अ‍ॅडव्हान्स, प्रवास आणि कॅन्सलेशन

आजचा भाग हिशेबाचा आहे. तुमचा छोटा बँड असेल, तुम्ही शनिवारी स्टँडअप करत असाल, लग्नात सूत्रसंचालन करत असाल किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला ढोलकी वाजवायला जात असाल, तर हा भाग तुमच्यासाठी आहे. मी सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी चार जणांच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. गायिका, गिटारवाला, कहोनवाला आणि मी. एक्सेल उघडून बसायची हौस चौघांत मला एकट्यालाच, म्हणून बिलं माझ्याकडे आली.

आपल्याकडे कार्यक्रम ठरवण्याला जुना शब्द आहे, सुपारी. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांच्या हंगामात तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख आणि रक्कम ठरते, काही पैसे हातावर ठेवले जातात आणि सुपारी पक्की होते. आपण ज्याला बुकिंग कन्फर्म म्हणतो, ते हेच. त्या क्षणी फड काय विकतो, बघा. खेळ तर अजून व्हायचाय. विकली जाते ती तारीख. त्या रात्री तो फड दुसऱ्या कुठल्याच गावाला जाऊ शकत नाही.

कॅन्सलेशन फी समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करायला हवी. क्लायंटला वाटतं, "कार्यक्रमच झाला नाही, तर पैसे कसले?" आणि कलाकारालाही मागताना थोडं लाजल्यासारखं होतं, जणू काही आपण दंड लावतोय. पण तो दंड नाही. तारीख अडवून ठेवली होती, तिची ती किंमत आहे. एकदा हे डोक्यात बसलं की किती टक्के लावायचे, कधी लावायचे आणि कुठे थोडं सोडायचं, हे आपोआप सुचत जातं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अटी बिलावर लिहून उपयोग नाही. म्हणजे बिलावर त्या छापा, पण पहिल्यांदा तिथे छापू नका. कार्यक्रम रद्द झाल्यावर पाठवलेल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात "सात दिवसांच्या आत रद्द केल्यास ९० टक्के" असं लिहिलं, तर समोरचा म्हणणार, "हे मला आधी कुठे सांगितलं होतं?" आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. करार होतो प्रस्ताव आणि स्वीकार यांतून. ज्या अटी त्याने स्वीकारायच्या, त्या अ‍ॅडव्हान्सच्या आधी त्याच्यासमोर असायला हव्यात.

म्हणून आम्ही तीन कागद करतो. पहिला कोटेशन. यात मानधन, प्रवास, राहणं आणि रद्द करण्याच्या अटी सगळं असतं, आणि खाली एक ओळ असते: "अ‍ॅडव्हान्स भरणं म्हणजे या अटी मान्य असणं." दुसरा प्रोफॉर्मा, म्हणजे अ‍ॅडव्हान्स मागायचं कच्चं बिल. कंपन्यांच्या अकाउंट्स विभागाला कागद मिळाल्याशिवाय पैसे सोडता येत नाहीत, म्हणून हा लागतो. तिसरं शेवटचं बिल. तिन्हीवर एकच बुकिंग नंबर टाकतो. घरगुती कार्यक्रम असेल तर कोटेशन आणि प्रोफॉर्मा एकाच पानावर बसवतो, काकांना तीन पीडीएफ पाठवून घाबरवायचं नाही.

सही घेता का, असं बरेच जण विचारतात. घेता आली तर उत्तम. पण ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके, कन्फर्म" आलं आणि पाठोपाठ पैसे आले, तर तोही करार होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही. फक्त तो मेसेज जपून ठेवा. चोवीस तासांत गायब होणारे मेसेज चालू असतील, तर त्या ग्रुपवर बुकिंग करू नका.

आता आमचीच एक केस सांगतो. इव्हेंट कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही.

दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टवर लग्न होतं, संगीतचा कार्यक्रम शनिवारी, २० डिसेंबरला. पुण्याच्या इव्हेंट कंपनीने आम्हाला दोन महिने आधी विचारलं. मानधन ठरलं ६०,००० रुपये. अ‍ॅडव्हान्स ५० टक्के, म्हणजे ३०,०००, बुकिंगच्या वेळी. प्रवास वेगळा, १८,००० रुपये, आणि तो कार्यक्रमाच्या १५ दिवस आधी, म्हणजे ५ डिसेंबरपर्यंत द्यायचा. उरलेले ३०,००० कार्यक्रमाच्या दिवशी, साउंड चेकच्या आधी.

प्रवासाचे १८,००० कुठून आले, ते सांगतो. गाडी चालकासकट, तीन दिवस. गोव्यातलं फिरणं धरून साधारण १,००० किलोमीटर, आम्हाला मिळालेल्या १४ रुपये दराने १४,०००. चालकाचा भत्ता दिवसाला ५००, म्हणजे १,५००. टोल, पार्किंग आणि वाटेतला चहा-जेवण मिळून २,५००. आणि हे क्लायंटला असंच तोडून दाखवतो. नुसतं "प्रवास १८,०००" लिहिलं की घासाघीस सुरू होते. किलोमीटर लिहिले की तो स्वतःच मॅप उघडून बघतो आणि गप्प बसतो.

प्रवासखर्चात दोन पद्धती आहेत. एक ठोक रक्कम, दुसरी प्रत्यक्ष खर्च, पावत्यांसकट. ठोक रकमेत डोकेदुखी कमी, पण डिझेल वाढलं किंवा घाटात चार तास अडकलो तर तोटा आपला. प्रत्यक्ष खर्चात पावत्या सांभाळाव्या लागतात. गाडी असेल तर मी ठोक घेतो. ट्रेन किंवा विमान असेल तर आयोजकांनाच तिकीट काढायला सांगतो, म्हणजे पैसे आमच्या खिशातून जातच नाहीत आणि रद्द झालं तर परताव्याची भानगडही त्यांची. फक्त कुठला वर्ग, किती सीट आणि वाद्यांचं सामान किती, हे लिहून द्यावं लागतं. कीबोर्ड केबिन बॅगेत बसत नाही, हे विमानाचं तिकीट काढणाऱ्या माणसाला माहीत नसतं.

राहण्याच्या ओळीत "चौघांची सोय" असं मोघम लिहू नका. खोल्या किती, कुठल्या रात्री, जेवण कोणाचं, चालकाची झोपायची सोय काय. रात्री दोन वाजता सामान आवरल्यावर या प्रश्नांवर बोलायची कोणाचीच मनःस्थिती नसते.

अजून एक, टीडीएसचं. इव्हेंट कंपन्या कलाकाराचं मानधन देताना बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस कापतात. तो बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना हिशेबात येतो. पॅन दिलाच नाही तर २० टक्के कापतात, म्हणून पॅन बिलावरच छापा. पण मानधन आणि प्रवास एकाच बिलात एकाच बेरजेत टाकले, तर अकाउंट्सवाला सगळ्या रकमेवर टीडीएस कापतो. १८,००० च्या प्रवासावर १,८०० कापले गेले, तर डिझेल आपल्याच खिशातून भरून वर्षभर परताव्याची वाट बघायची. म्हणून प्रत्यक्ष खर्चाच्या प्रवासाचं वेगळं बिल, मूळ पावत्या जोडून. तरी कापणारे कापतात, पण निदान बोलायला जागा राहते.

आणि ३०,००० च्या अ‍ॅडव्हान्सवर टीडीएस कापून २७,००० खात्यात आले, तरी शेवटच्या बिलात "मिळालेला अ‍ॅडव्हान्स ३०,०००" असंच लिहायचं. ३,००० तुमच्या नावावर सरकारजमा झालेत. इथे २७,००० लिहिलं की ते तीन हजार तुम्ही दोनदा मागताय, असं दिसतं.

जीएसटीबद्दल एवढंच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल आपल्याकडे २० लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीची सक्ती नाही, आणि गोव्यात जाऊन कार्यक्रम केला, राज्य बदललं, म्हणून ती सक्ती येत नाही. नोंदणी नसेल तर बिलावर "टॅक्स इन्व्हॉइस" असं छापू नका आणि जीएसटीची ओळ टाकू नका. टेम्प्लेट नेटवरून उचललं की ती ओळ हमखास राहते.

बरं, आता रद्द करण्याच्या अटी. आमच्या कोटेशनमध्ये त्या अशा होत्या. ३० दिवसांहून जास्त आधी कळवलं तर मानधनाच्या २५ टक्के. ३० ते १५ दिवस आधी, ५० टक्के. १४ ते ७ दिवस आधी, ७५ टक्के. ६ ते १ दिवस आधी, ९० टक्के. त्याच दिवशी किंवा आम्ही पोचल्यावर, १०० टक्के. याशिवाय प्रवासावर जो खर्च होऊन गेलाय आणि परत मिळत नाही, तो पावती दाखवून वेगळा.

यात माझ्यातला इंजिनिअर थोडा दिसेल. बऱ्याच करारांत "३० ते १५ दिवस" आणि पुढच्याच ओळीत "१५ ते ७ दिवस" असं असतं. मग बरोबर पंधराव्या दिवशी कळवलं तर कुठली ओळ? दोघंही आपापल्या सोयीची ओळ दाखवणार. आकडे एकमेकांवर चढू देऊ नका. आणि दिवस कसे मोजायचे तेही लिहा. आम्ही लिहितो: कॅलेंडरचे दिवस, कार्यक्रमाची तारीख वजा लेखी मेसेज मिळाल्याची तारीख. फोनवर सांगितलेलं धरत नाही. शीटमध्ये हे एका ओळीत बसतं. B2 मध्ये मानधन, B3 मध्ये दिवस:

```
=B2*IFS(B3>30,25%,B3>=15,50%,B3>=7,75%,B3>=1,90%,B3<1,100%)
```

आता महत्त्वाचा प्रश्न. एवढा खटाटोप कशाला, सरळ "अ‍ॅडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं लिहून मोकळं का होऊ नये? ही ओळ तुम्हाला शंभर बिलांवर दिसेल. दिसायला कडक आहे, पण वाटते तेवढी भक्कम नाही.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४. करार मोडल्यावर किती पैसे द्यायचे हा आकडा करारातच लिहिलेला असला, तरी ज्याचं नुकसान झालं त्याला वाजवी भरपाई मिळते, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे आकडा लिहिला म्हणून तो पूर्णच मिळेल असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात आगाऊ रक्कम जप्त करण्याबाबत हेच सांगितलं. नुकसान झालेलंच नसेल, तर नुसतं करारात लिहिलंय म्हणून रक्कम गिळता येत नाही. मात्र नुकसान नेमकं मोजणं अवघड असेल, आणि दोघांनी आधी प्रामाणिक अंदाजाने आकडा ठरवला असेल, तर तो आकडा मान्य होऊ शकतो.

तो खटला प्लॉटचा होता, आपल्या गाण्याबजावण्याचा नाही. पण तर्क आपल्याला तंतोतंत लागू पडतो. डिसेंबरच्या शनिवारी दहा दिवस आधी तारीख मोकळी झाली, तर आमचं नेमकं किती नुकसान झालं? कोणी सांगू शकत नाही, कारण जी कामं आम्ही नाकारली त्यांची रक्कम कधी ठरलीच नाही. मोजणं अवघड म्हणतात ते हेच. मग टप्पे का, तर त्यातून अंदाज प्रामाणिक आहे हे दिसतं. दोन महिने आधी कळवलं तर तारीख पुन्हा विकली जायची शक्यता भरपूर, म्हणून २५ टक्केच. अ‍ॅडव्हान्स ५० टक्के घेतलेला असतो, त्यातला निम्मा आम्ही परत करतो. आठवड्यावर आलं की शक्यता जवळपास संपते, म्हणून ९० टक्के. १०० का नाही? कारण न गेल्याने आमचेही काही खर्च वाचतात, मॉनिटरचं भाडं वाचतं, एक रविवार वाचतो. दहा टक्के सोडले की बाकीचे नव्वद मागताना आवाज स्वच्छ निघतो.

परत केसकडे. ५ डिसेंबर उजाडला, प्रवासाचे पैसे आले नाहीत. सहाला आठवण केली, "प्रोसेसमध्ये आहे". सातला, तेच. हा पहिला इशारा असतो, हे लक्षात ठेवा. प्रवासाचा हप्ता मध्येच ठेवण्याचा खरा फायदा डिझेलचा नाहीच. कार्यक्रम डगमगतोय का, हे त्यातून पंधरा दिवस आधी कळतं. ज्यांचा कार्यक्रम पक्का असतो, त्यांना कलाकार पोचण्याची काळजी असते आणि ते पैसे सोडतात. आमचा गाडीवाला २,००० रुपये आगाऊ घेऊन बसला होता, ते आम्ही आधीच भरले होते. त्याला सांगितलं, बाकीचे थांबव.

१० डिसेंबरला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मेसेज आला. "फंक्शन पोस्टपोन झालंय. फॅमिली नवीन डेट कळवेल. अ‍ॅडव्हान्स तिथे अ‍ॅडजस्ट करू."

हा शब्द नीट ऐका. पोस्टपोन. रद्द म्हणायचं कोणालाच आवडत नाही, कारण रद्द म्हटलं की टक्के लागतात. पुढे ढकललं म्हटलं की तुमचे ३०,००० अधांतरी राहतात, नवीन तारीख कधीच येत नाही, आणि चार महिन्यांनी तुम्हीच विसरता. म्हणून आमच्या अटींत याचं वेगळं वाक्य आहे. तारीख बदलायची असेल तर एकदाच, नवीन तारीख मूळ तारखेपासून ९० दिवसांच्या आतली, आम्ही मोकळे असलो तर, आणि नवीन तारीख सात दिवसांत लेखी कळवायची. नाही कळवली, तर तारीख बदलल्याचा पहिला मेसेज ज्या दिवशी आला, त्या दिवशी कार्यक्रम रद्द झाला असं धरायचं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यामुळे टप्पा कुठला हा वाद राहत नाही. मेसेज दहाला आला, कार्यक्रम वीसला, दिवस दहा. १४ ते ७ चा टप्पा, ७५ टक्के.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढंच उत्तर दिलं: मेसेज मिळाला, अटींप्रमाणे १७ तारखेपर्यंत नवीन तारीख कळवा, नाही तर रद्द धरून हिशेब पाठवतो. चिडचिड नाही, लांबलचक परिच्छेद नाही.

पण तिकडे आमचा कहोनवाला वैतागला होता, आणि त्याचं बरोबर होतं. त्याची दिवसाची नोकरी नाही. तो चार बँडमध्ये वाजवतो, आणि वीस तारखेसाठी त्याने मुंबईतलं एक काम सोडलं होतं. माझ्यासाठी तो एक गेलेला शनिवार होता, त्याच्यासाठी ते महिन्याचं घरभाडं होतं. कॅन्सलेशनवर बोलताना बँडमधल्या सगळ्यांचं नुकसान सारखं नसतं, हे नोकरीवाल्यांनी जरा लक्षात ठेवावं.

मग आम्ही फोन फिरवायला लागलो. इथे पुन्हा कायद्याचा एक मुद्दा येतो. कलम ७३ मध्ये स्पष्टीकरण आहे की नुकसान मोजताना, ते कमी करण्याचे जे मार्ग हातात होते तेही विचारात घ्यायचे. सोप्या भाषेत, तारीख मोकळी झाल्यावर हातावर हात ठेवून बसायचं आणि मग पूर्ण नुकसान मागायचं, हे चालत नाही. बाणेरच्या एका ऑफिसची वर्षअखेरची छोटी पार्टी मिळाली, वीस तारखेचीच, २०,००० रुपयांत. गोव्यासारखं नाही, पण रात्री अकराला घरी.

आमच्या अटींत याचंही एक वाक्य आहे, आणि ते मी कोणालाही घालायला सांगेन. "त्याच तारखेला दुसरं काम मिळाल्यास, त्या मानधनाचा अर्धा भाग रद्द शुल्कातून वजा केला जाईल." अर्धाच का? कारण दुसरं काम शोधायला, नव्या गाण्यांची यादी बसवायला आपले कष्ट गेलेत. पूर्ण वजा केलं तर शोधायची इच्छाच राहत नाही. काहीच वजा केलं नाही, तर दोन्हीकडून पैसे घेतल्यासारखं दिसतं, आणि ते समोरच्याला इन्स्टाग्रामवर दिसतंच.

सतरा तारीख गेली, नवीन तारीख आली नाही. बाणेरचा कार्यक्रम झाल्यावर २२ डिसेंबरला मी शेवटचं बिल पाठवलं. टीडीएस बाजूला ठेवून आकडे सांगतो. मानधन ६०,०००, त्याचे ७५ टक्के ४५,०००. दुसऱ्या कामाचा अर्धा भाग १०,००० वजा, राहिले ३५,०००. गाडीवाल्याचे परत न मिळालेले २,०००, पावतीसकट. एकूण ३७,०००. मिळालेला अ‍ॅडव्हान्स ३०,०००. येणे ७,०००. बिलावर ओळीचं नाव "मानधन" लिहिलं नाही, "तारीख राखल्याचं रद्द शुल्क, अटींतील टप्पा १४ ते ७ दिवस" असं लिहिलं. खाली बुकिंग नंबर, कोटेशनची तारीख आणि १० डिसेंबरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडला.

कंपनीचा फोन आला. आवाज आधी चढा होता. "क्लायंटने आम्हालाच दिले नाहीत, तुम्हाला कुठून देऊ?" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक वेळी ऐकू येणार. त्याचं उत्तर कोटेशनच्या पहिल्या ओळीत असतं. कोटेशन कोणाच्या नावाने आहे? आमचं कंपनीच्या नावाने होतं, लग्नघराच्या नाही. आमचा करार कंपनीशी. त्यांना क्लायंटकडून कधी मिळतील हा त्यांचा विषय. म्हणून वधू-वरांचं नाव "कार्यक्रम" या ओळीत लिहा, "बिल कोणाला" या ओळीत नको. मी एवढंच म्हटलं, "सर, दहा हजार आम्ही स्वतःहून कमी केलेत, बिलात बघा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "ठीक आहे, अकाउंट्सला टाकतो." ७,००० आले, फेब्रुवारीत. पण आले.

समजा आले नसते तर? खरं सांगायचं तर सात हजारांसाठी कोर्टात जाण्यात अर्थ नाही. वकिलाची नोटीसच त्यातला मोठा भाग खाऊन जाईल. म्हणूनच अ‍ॅडव्हान्सचा आकडा असा ठेवायचा की सगळ्यात शक्य असलेल्या टप्प्यावर रद्द झालं, तरी येणं थोडंसंच उरेल. आमचा अनुभव असा की रद्द होणारे कार्यक्रम बहुतेक दोन-तीन आठवडे आधी रद्द होतात. म्हणून ५० टक्के अ‍ॅडव्हान्स. २० टक्के अ‍ॅडव्हान्स घेऊन ७५ टक्के रद्द शुल्क लिहिणं म्हणजे उरलेल्या ५५ टक्क्यांसाठी मागे धावायची तयारी ठेवणं.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. एक, आपणच रद्द केलं तर? गायिकेचा घसा बसला तर? अटी एकतर्फी असतील तर शहाणा क्लायंट सहीच करणार नाही. आम्ही लिहितो: आमच्याकडून रद्द झाल्यास पूर्ण अ‍ॅडव्हान्स सात दिवसांत परत, आणि त्याच दर्जाचा दुसरा कलाकार सुचवायचा प्रयत्न करू. यातलं "सुचवायचा प्रयत्न" मोजून लिहिलंय, "देऊ" असं वचन दिलेलं नाही.

दोन, कोणाच्याच हातात नसलेली कारणं. २०२० चा गुढीपाडवा आठवा. २५ मार्च, देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. चैत्रातल्या जत्रा म्हणजे तमाशाच्या फडांचा कमाईचा हंगाम, आणि तो त्या वर्षी उभाच राहिला नाही. अशा वेळी करारात काहीच लिहिलेलं नसेल, तर कलम ५६ प्रमाणे अशक्य झालेला करार निरर्थक होतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला फायदा परत करावा लागतो. म्हणजे अ‍ॅडव्हान्स परत. करारात लिहिलेलं असेल, तर आधी ते बघितलं जातं. म्हणून लिहा: सरकारी बंदी, पूर, राष्ट्रीय दुखवटा अशा कारणाने कार्यक्रम न झाल्यास टक्के लागणार नाहीत. झालेला प्रवासखर्च वजा करून अ‍ॅडव्हान्स परत, किंवा सहा महिन्यांत नवीन तारीख. पावसाचं मात्र वेगळं लिहा. उघड्या लॉनवर जुलैत कार्यक्रम ठेवणं ही दैवी आपत्ती नाही.

रात्री दहाची गोष्टही याच्या जवळची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची तारीख त्यात असेलच असं नाही. वरात उशिरा आली, भाषणं लांबली, साडेनऊला तुम्हाला स्टेज मिळालं आणि दहाला पोलीस आले. तुम्ही अर्धा तास वाजवलं. पाकीट अर्धं मिळणार का? आमच्या अटींत लिहिलंय की आम्ही ठरलेल्या वेळी तयार असू, तर उशीर कोणामुळेही झाला तरी पूर्ण मानधन. म्हणून साउंड चेक झाला की मी आयोजकाला एक मेसेज टाकतो: "आम्ही तयार आहोत, ६.४५." वेळेचा पुरावा तोच.

त्या सात हजारांचं आणि बाकीच्याचं वाटप कसं केलं, तेही विचाराल. एकूण ३७,००० मधून गाडीचे २,००० आधी काढले, ते मी भरले होते. राहिलेल्या ३५,००० चे चार सारखे भाग न करता कहोनवाल्याला ११,००० दिले आणि आम्ही तिघांनी आठ-आठ हजार घेतले. पुढच्या कोटेशनपासून बँडच्या आतही एक पान जोडलंय: तारीख अडवताना ज्याने दुसरं काम सोडलं, त्याने ते ग्रुपवर त्याच दिवशी लिहायचं. मोकळी शीट आणि अटींचा मसुदा या भागाच्या खाली टाकलाय. नावं आणि आकडे बदलून वापरा, मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाला एकदा दाखवा. भेटू पुढच्या भागात.